जहाजाने वाट बदलली: विमा कंपनीला ‘हेल्ड कव्हर्ड’चं पत्र कसं लिहावं

नोव्हेंबर 2023 नंतर तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि न्हावाशेवाहून युरोपला जाणारी बरीच जहाजं सुएझ सोडून केप ऑफ गुड होपवरून आफ्रिकेला वळसा घालू लागली. तेव्हा निर्यातदारांना पहिला प्रश्न पडला तो विम्याचा. पॉलिसीवर एक वाट, जहाज दुसऱ्याच वाटेला.

भीती उगाच नव्हती. भारताच्या 1963 च्या सागरी विमा कायद्यानुसार योग्य कारणाशिवाय जहाजाने मार्ग सोडला, की त्या क्षणापासून विमा कंपनी मोकळी होते. नुकसान होण्याआधी जहाज मूळ मार्गावर परतलं असलं तरी फरक पडत नाही. म्हणूनच पॉलिसीत ‘हेल्ड कव्हर्ड’ची सोय आली: ताबडतोब कळवा, जादा हप्ता आणि अटी नंतर ठरवू, तोवर संरक्षण चालू.

आधी पॉलिसीला जोडलेली कलमं काढा. मालाच्या विम्यात बहुधा इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉजेस असतात, 1982 ची किंवा 2009 ची. मग वाट कोणी बदलली ते पाहा, कारण सगळं त्यावर ठरतं. तुमच्या हाताबाहेरच्या कारणाने जहाज वळलं असेल, तर आठव्या कलमाने विमा आपोआप चालू राहतो. तरी कळवावं, पुढचा वाद वाचतो. वाहतूक कंपनीने अध्येमध्येच माल उतरवून ‘प्रवास संपला’ असं जाहीर केलं, तर नववं कलम लागतं. इथे तत्काळ कळवून संरक्षण चालू ठेवण्याची मागणी केली नाही, तर विमा संपतो. आणि माल कुठे न्यायचा हे तुम्हीच बदललं, तर दहावं. 1982 च्या मजकुरात ‘हेल्ड कव्हर्ड’ हे शब्द याच कलमात आहेत. 2009 मध्ये ते काढून म्हटलंय, की अटी ठरण्याआधी नुकसान झालं, तर बाजारात वाजवी दराने असं संरक्षण मिळालं असतं तरच ते मिळेल.

एक उदाहरण घेऊ. तासगावचा वीस टन बेदाणा, न्हावाशेवा ते रॉटरडॅम. सीआयएफ, म्हणजे माल, विमा आणि जहाजभाडं धरून, किंमत 40,000 डॉलर, त्यावर दहा टक्के धरून विमा 44,000 चा. सोमवारी सकाळी शिपिंग लाइनचा ईमेल येतो: कंटेनर कोलंबोला उतरवतोय, आमचा करार तिथेच संपला. हे नववं कलम. सोमवारीच लिहा, एजंटाच्या फोनवर विसंबू नका. मेल इंग्रजीत जाईल, पण आशय असा:

“पॉलिसी क्रमांक, डिक्लरेशन क्रमांक, बिल ऑफ लेडिंग आणि कंटेनर क्रमांक खाली दिले आहेत. आज सकाळी नऊ वाजता वाहतूक कंपनीची सोबत जोडलेली सूचना मिळाली. त्यानुसार माल कोलंबो येथे उतरवला जाणार असून वाहतुकीचा करार तिथे संपत आहे. हा निर्णय आमच्या नियंत्रणाबाहेरचा आहे. कोलंबोतील साठवण आणि तिथून केपमार्गे रॉटरडॅमपर्यंतच्या प्रवासासाठी संरक्षण त्याच अटींवर चालू ठेवावे. ठरेल तो वाजवी जादा हप्ता भरण्यास आम्ही तयार आहोत. या क्षणी मालाच्या कोणत्याही नुकसानीची आम्हाला माहिती नाही. कृपया लेखी पुष्टी द्यावी.”

शेवटून दुसरं वाक्य खरं असेल तरच लिहा. कंटेनर भिजल्याची कुणकुण लागली असेल, तर तीही याच मेलमध्ये सांगा. लपवलेली गोष्ट दाव्याच्या वेळी हटकून बाहेर येते आणि मग संरक्षणच हातचं जातं. सूचना कधी मिळाली ती वेळ मुद्दाम लिहायची, कारण ‘तत्काळ’ कळवलंत का, हे तुम्हाला कळल्यापासून मोजलं जातं. सीआयएफ व्यवहारात पॉलिसी खरेदीदाराच्या नावे फिरली असेल, तर त्यालाही त्याच दिवशी कळवा. दावा तोच करणार आहे.

जादा हप्ता ऐकून दचकू नका. समजा 0.05 टक्के मागितला, तर 44,000 वर 22 डॉलर होतात.

मात्र या पत्राने उशिराची भरपाई मिळत नाही. केपच्या वळशाने दहा-पंधरा दिवस वाढतात, जहाज विषुववृत्त दोनदा ओलांडतं, कंटेनरच्या छताला दव धरतं. दवाने बेदाणा भिजला तर दावा मांडता येतो, पण नुसत्या उशिराने तो खराब झाला तर नाही. म्हणून कंटेनर उघडताना फोटो काढा, सर्व्हेयर बोलवा. युद्धाची जोखीमही वेगळ्या कलमांत असते. ती पॉलिसीत घेतली असेल तर मागणीत तिचा वेगळा उल्लेख करा.

उत्तरात “नोंद घेतली” एवढंच आलं, तर पुन्हा लिहा. तुम्हाला हवं आहे ते एंडोर्समेंट, म्हणजे पॉलिसीत झालेला बदल लेखी मान्य करणारी पुरवणी. त्यावर कोलंबोचं नाव, पुढचा मार्ग आणि मुदत पाहा. नवव्या कलमात माल त्या बंदरात पोचल्यापासून 60 दिवस मिळतात. त्या मुदतीत तो पुढे रवाना होणार नसेल, तर वाढीव मुदत आधीच मागून ठेवा.