डेल्टाला तीनने भागलं नाही, तरी उत्तर बरोबर वाटत होतं

डिप्लोमाला असताना थ्री-फेजचं गणित मला इतकं सोपं वाटायचं की परीक्षेच्या आदल्या रात्री तो धडा मी उघडलाही नाही. पेपरातलं गणित झटपट सोडवलं आणि बाहेर येऊन उत्तर ताडून पाहिलं. माझं आलं होतं 408 व्होल्ट, बाकीच्यांचं 394. आजही ड्रॉइंगवर डेल्टा दिसला की आधी पेन खाली ठेवतो.

गणित असं होतं: पुरवठा 415 व्होल्टचा, संतुलित. प्रत्येक लाइनचा इम्पिडन्स 0.5 + j0.2 ओहम. पलीकडे डेल्टात जोडलेला लोड, प्रत्येक शाखा 24 + j18 ओहम. लोडच्या टोकाला लाइन व्होल्टेज किती?

आमच्या एका सीनियरचा मंत्र होता, "काही विचार करू नकोस, √3 ने भाग आणि सिंगल फेजसारखं सोडव." माणूस चांगला होता, पण मंत्र अर्धाच दिला. 415 ला √3 ने भागून 239.6 व्होल्ट फेज व्होल्टेज घ्यायचं, इथपर्यंत ठीक आहे. एकच फेज सोडवून भागतं, कारण लोड संतुलित असला की तिन्ही करंटची बेरीज शून्य होते. पुरवठ्याचा आणि लोडचा न्यूट्रल बिंदू एकाच पातळीवर राहतात, म्हणून त्यांच्यात मनातल्या मनात तार जोडली तरी चालते. पण डेल्टाला न्यूट्रल बिंदूच नसतो. तार जोडायची कुठे? म्हणून आधी डेल्टाचा स्टार करायचा आणि मगच लाइनचा इम्पिडन्स मिळवायचा.

मी नेमकी तीच पायरी गाळली. 24 + j18 तसंच उचललं आणि त्यात लाइन मिळवली. करंट 7.85 अँपिअर आला, लोडवर फेजला 235.5 व्होल्ट, म्हणजे लाइनला 408. वाईट गोष्ट ही की उत्तर बघून शंकाच येत नाही! 415 वरून 408, किती छान. उत्तर 700 आलं असतं तर मीच थबकलो असतो.

तीनने का भागायचं, हे पाठ करू नका, एकदा बघा. डेल्टाच्या शाखेवर लाइन व्होल्टेज पडतं, म्हणजे फेज व्होल्टेजच्या √3 पट. आणि लाइनमधला करंट शाखेच्या करंटच्या √3 पट असतो. एका फेजच्या सर्किटात आपण फेज व्होल्टेज भागिले लाइन करंट बघतो. वरचं √3 ने कमी, खालचं √3 ने जास्त, म्हणून इम्पिडन्स तिसरा हिस्सा उरतो. 24 + j18 चा झाला 8 + j6, म्हणजे 10 ओहम.

आता लाइन मिळवा:

```
Z = 8.5 + j6.2,  |Z| = 10.52
I = 239.6 / 10.52 = 22.77 A
V = 22.77 × 10 = 227.7 V
V_LL = 227.7 × √3 = 394.4 V
```

घट 20.6 व्होल्ट, म्हणजे जवळपास 5 टक्के. माझ्या चुकीच्या उत्तरात ती 1.7 टक्के दिसत होती. कागदावर फक्त मार्क गेले. केबल निवडताना हीच चूक झाली तर जिथे 22.77 अँपिअर वाहणार, तिथे आपण 7.85 धरून बसतो.

घाबरू नका, चूक पकडायला अर्धं मिनिट पुरतं. उत्तर घेऊन मूळ डेल्टाकडे परत जा. शाखेवर 394.4 व्होल्ट, शाखा 30 ओहम, म्हणजे 13.15 अँपिअर. त्याला √3 ने गुणलं की 22.77. जुळलं. माझं 408 याच चाळणीत घाला: शाखेत 13.6 अँपिअर, लाइनमध्ये 23.6, आणि मी लिहिले होते 7.85. तिथल्या तिथे फजिती उघडी पडली असती. हा ताळा मला कुणी शिकवला नाही, नापास झाल्यावर मीच शोधला, त्यामुळे त्याचा अभिमान जरा जास्तच आहे.

लाइनमधली घट नुसत्या आकड्यांनी वजा करायची सवयही लावून घेऊ नका. इथे 22.77 × 0.5385 म्हणजे 12.26 व्होल्ट येतात, प्रत्यक्ष फरक 11.9 चा आहे. इथे थोडक्यात निभावलं, कारण लाइनचा कोन लोडच्या कोनापासून फार लांब नाही. लाइनमध्ये X जास्त असेल आणि लोड नुसता हीटरसारखा असेल, तर हे अंतर बरंच वाढतं.

शेवटी एक इशारा. हे सगळं तिन्ही फेज सारखे असतील तरच. एका फेजवर वेगळा लोड टांगला की न्यूट्रल बिंदू सरकतो, ती मनातली तार तुटते, आणि मग तिन्ही फेजचं गणित एकत्र मांडण्यावाचून इलाज नाही.