क्षारपड रान धुवायला किती जादा पाणी लागतं? हिशोबातल्या या चुका टाळा

शिरोळ, कुरुंदवाड, नृसिंहवाडीच्या पट्ट्यात ज्यांची रानं आहेत त्यांना मीठ फुटलेलं रान कसं दिसतं ते सांगायला नको. वरंब्यावर पांढरी बुरशीसारखी खपली, मधेच ऊस खुरटलेला, पानांची टोकं करपलेली. अशा रानाला आपल्याकडं सल्ला एकच मिळतो, जादा पाणी सोडा आणि क्षार खाली धुवून काढा. सल्ला बरोबर आहे पण जादा म्हणजे किती हे कोणी सांगत नाही, आणि जे सांगतात त्यातले बरेचजण सूत्रात आकडाच चुकीचा घालतात. सूत्र सोपं आहे:

```
LR = ECw / (5 x ECe - ECw)
```

ईसी म्हणजे विद्युतवाहकता, ती जितकी जास्त तितका खारटपणा जास्त. ECw म्हणजे आपण देतोय त्या पाण्याची ईसी, ECe म्हणजे मातीची ईसी, दोन्ही डेसीसीमेन्स प्रति मीटरमध्ये. LR म्हणजे दिलेल्या पाण्यापैकी मुळांच्या खाली निघून जायला हवा तो हिस्सा, यालाच लीचिंग रिक्वायरमेंट म्हणतात. आता चुका बघू, आणि त्यासाठी एक एकर उसाचं उदाहरण धरू. बोअरच्या पाण्याची ईसी १.५, माती काळी भारी, आणि रान आधीच खराब झालेलं.

सगळ्यात मोठी चूक: आज मातीत असलेली ईसी सूत्रात घालणे

सूत्रात ECe दिसलं की माणूस माती परीक्षणाचा कागद काढतो आणि तिथला आकडा घालतो. आपल्या उदाहरणात मातीची आजची ECe आहे ८. मग हिशोब होतो १.५ भागिले (४० वजा १.५), म्हणजे ०.०३९, म्हणजे जेमतेम ४ टक्के. आता हाच हिशोब मातीची ईसी १२ धरून करा, उत्तर येतं अडीच टक्के. म्हणजे रान जितकं जास्त खारट तितकं पाणी कमी लागणार! इथंच कळायला हवं की काहीतरी उलटं झालंय.

सूत्रातली ECe ही पिकाला किती खारटपणा चालतो त्याची आहे, रानात आज किती आहे त्याची नाही. उसाचं उत्पन्न ECe १.७ च्या पुढं घटायला लागतं, ३.४ ला साधारण १० टक्के घट येते, ५.९ ला २५ टक्के आणि १० ला निम्मं. बोअरच्या असल्या पाण्यावर १.७ चा हट्ट धरला तर LR २१ टक्क्यांवर जातो, तेवढं पाणी भारी रानातून खाली जिरवणं अवघडच. म्हणून मी तरी असल्या पाण्याला ३.४ धरतो, १० टक्के घट पत्करून. मग १.५ भागिले (१७ वजा १.५) म्हणजे ०.०९७, साधारण १० टक्के.

दोन पाळ्यांच्या मधे पिकानं ६० मिमी पाणी ओढलं असं समजा. द्यायचं पाणी म्हणजे ६० भागिले (१ वजा ०.०९७), ६६.४ मिमी. बरेचजण ६० च्या वर सरळ १० टक्के चढवतात, इथं फरक नगण्य पण LR मोठा झाला की तो वाढत जातो, त्यामुळं भागायची सवय लावा. एक एकरावर १ मिमी पाणी म्हणजे जवळपास ४,०४७ लिटर, म्हणजे जादा पाणी झालं साधारण २६ हजार लिटर दर पाळीला. तोच चुकीचा ८ चा आकडा घातला असता तर १० हजारच्याही खालीच थांबला असता, आणि मग दोन वर्षांनी म्हणायचं की लीचिंग करून काही उपयोग झाला नाही.

मग आजच्या ८ चं काय करायचं?

वरचं सूत्र चांगलं रान चांगलं ठेवायला आहे, म्हणजे दर पाळीला पाण्याबरोबर जे मीठ येतं तेवढं खाली जात राहावं म्हणून. आधीच साठलेलं मीठ काढायचा हिशोब वेगळा, आणि तो एकदाच करायचा असतो. दोन्ही एकात मिसळले की रान वर्षानुवर्षं अर्धवट धुतलं जातं.

एकदाच्या धुण्याला साधा अंदाज असा. आपल्याला ८ वरून ३.४ वर यायचंय म्हणजे उरलेला हिस्सा ०.४२५. रानात पाणी सलग तुंबवून ठेवलं तर चिकणमातीच्या पोयट्याला गुणांक ०.३ धरतात, ०.३ भागिले ०.४२५ म्हणजे ०.७. मुळांची खोली ६० सेमी धरली तर ४२ सेमी पाणी आरपार खाली जायला हवं. पण थोडं पाणी द्यायचं, जिरू द्यायचं, वापसा येऊ द्यायचा आणि मग पुन्हा द्यायचं असं टप्प्याटप्प्यानं केलं तर गुणांक ०.१ वर येतो आणि तेच काम १४ सेमीत होतं. हिशोब करून बघा, एकरी १७ लाख लिटरच्या जागी पावणेसहा लाख लिटर. कारण पाणी तुंबलेलं असताना ते मोठ्या पोकळ्यांतून पळतं आणि ढेकळाच्या आतलं मीठ तसंच राहतं, मधे विसावा मिळाला की आतलं मीठ बाहेरच्या पाण्यात उतरतं.

आपल्या काळ्या रानाला भेगा पडतात, आणि भेगाळलेल्या रानात पहिलं पाणी सरळ भेगेतून खाली जातं, त्यानं धुणं होत नाही. म्हणून पहिलं पाणी भेगा मिटवायला आणि रान भिजवायला गेलं असं समजा, वरचे १४ सेमी त्याच्या पुढचे. उन्हानं उडून जाणारं पाणी सुद्धा यात धरलेलं नाही.

आणि हे एकदाचं धुणं शक्य असेल तर नदीच्या पाण्यानं करा, बोअरच्या १.५ च्या पाण्यानं नको, कारण ज्या पाण्यात स्वतःच मीठ आहे ते मातीला स्वतःपेक्षा गोड करू शकत नाही. पावसाचं पाणी तर त्याहून चांगलं. शिरोळला गगनबावड्यासारखा पाऊस नाही हे खरं, पण रान सपाट करून बांध घट्ट केले आणि पावसाचं पाणी वाहून न जाता रानातच जिरलं तर पंपावरचा बराच भार कमी होतो.

माती परीक्षणाचा आकडा जसाच्या तसा घेणे

हे फार होतं. आपल्याकडं माती परीक्षणाच्या कागदावर ईसी बहुतेक वेळा १ भाग माती आणि अडीच भाग पाणी असं ढवळून मोजलेली असते. सूत्राला लागते संपृक्त लगद्याच्या अर्काची ईसी, ज्यात माती जेमतेम लगदा होईल इतकंच पाणी घालतात. काळ्या भारी मातीच्या १०० ग्रॅमला लगदा व्हायला समजा ७० मिली पाणी लागतं, आणि वरच्या पद्धतीत २५० मिली घालतात, म्हणजे मीठ साडेतीनपट पातळ केलं. कागदावर २.३ आलं तर खरी ECe आठच्या आसपास असते! २.३ बघून शेतकरी म्हणतो ३.४ च्या आत आहे, काही भानगड नाही, आणि रानात ऊस मात्र करपत असतो. हा गुणाकार अंदाजाचाच आहे, मातीत जिप्सम असेल तर ते जादा पाण्यात विरघळून आकडा आणखी फसवतं, म्हणून लॅबला आधीच स्पष्ट सांगा की संपृक्त अर्काची ईसी पाहिजे.

पाण्याच्या रिपोर्टला सुद्धा एकक बघा. १५०० मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटर म्हणजे १.५. टीडीएस पीपीएममध्ये असेल तर ६४० नं भागा, ९६० पीपीएम म्हणजे १.५.

नमुना कुठला घेतला हे पण तेवढंच महत्त्वाचं. सरी-वरंब्याच्या रानात पाणी सरीतनं जातं आणि मीठ ओलाव्याबरोबर वरंब्याच्या डोक्यावर चढून बसतं. वरची पांढरी खपली खरवडून नेली तर आकडा भलताच मोठा येतो, नुसत्या सरीतली माती नेली तर फार गोड. वरंब्याच्या पोटातून ० ते ३० आणि ३० ते ६० सेमी असे दोन वेगळे नमुने घ्या.

निचरा न बघता पाणी सोडणे

ही चूक हिशोबाची नाही पण सगळा हिशोब पाण्यात घालते. खाली गेलेलं पाणी पुढं कुठं जाणार? नदीकाठच्या कितीतरी रानात भूजल दीड मीटरच्या आत आहे, तिथं २६ हजार लिटर काय आणि ६ लाख काय, खाली जागाच नसेल तर पाणी वर चढतं, ऊन लागलं की केशाकर्षणानं पृष्ठभागावर येतं, पाणी उडून जातं आणि मीठ वर उरतं. धुवायला गेलो आणि आणखी खारट करून आलो.

रानात पाणी सोडायच्या आधी दीड मीटरचा भोक पाडा, त्यात भोकं पाडलेला पीव्हीसी पाईप उभा करा आणि आठवडाभर पाण्याची पातळी मोजा. पाणी दिल्यावर पातळी वर चढून चार दिवसांत खाली उतरत नसेल तर लीचिंग थांबवा, आधी चर काढा किंवा सच्छिद्र पाईपचा भूमिगत निचरा करा. एकट्यानं केला तर पाईपमधलं पाणी सोडायचं कुठं हा प्रश्न येतो, म्हणून हे काम शेजारच्या गटांनी मिळून केलं तरच जमतं.

सामू ८.५ च्या वर असेल, पाणी दोन-तीन दिवस गढूळ उभं राहत असेल आणि सुकल्यावर रान दगडासारखं होत असेल तर ते चोपण होतंय. तिथं नुसतं गोड पाणी सोडलं तर मातीचे कण सुटे होऊन छिद्रं आणखी बुजतात. तिथं आधी लॅबनं सांगितलेल्या मात्रेत जिप्सम, मग पाणी.

जिरणारं पाणी दोनदा मोजणे

पाटानं भिजवताना रानाच्या वरच्या टोकाला तसंही पाणी गरजेपेक्षा जास्त मुरतं, कित्येकदा १० टक्क्यांच्या कितीतरी पुढं. त्यावर आणखी १० टक्के चढवले तर वरच्या टोकाला पाणथळ आणि शेवटाला, जिथं खरंच मीठ आहे, तिथं काहीच जादा पोचत नाही. आधी रान समपातळीत करा, सऱ्या आखूड करा, मग जादा पाण्याचं बोला. ठिबकला वरचं सूत्र लावू नका, सारख्या थोड्या थोड्या पाण्यात मीठ ओल्या गोलाच्या कडेला सरकतं आणि तिथला हिशोब वेगळा आहे. पण पहिला पाऊस पडला की ठिबक बंद करायची घाई नको, नाहीतर कडेचं मीठ पावसाबरोबर मुळांत येतं.

युरिया टाकल्या टाकल्या लीचिंगचं पाणी देऊ नका, मिठाबरोबर नत्रही खाली जातं. जादा पाणी दर पाळीलाच पाहिजे असं पण नाही, हंगामात दोन-तीनदा एकत्र दिलं तरी चालतं, फक्त मातीची ईसी तोवर ३.४ च्या फार पुढं जाऊ देऊ नका.

धुणं होतंय का हे कळायला निचऱ्याच्या पाईपातलं किंवा चरातलं पाणी मोजा, हातातला ईसी मीटर पुरतो. सुरवातीला ते दिलेल्या पाण्यापेक्षा कितीतरी खारट यायला पाहिजे. सुरवातीपासूनच दिलेल्या पाण्याइतकंच आलं तर पाणी भेगेतनं किंवा पाईपवरच्या भरावातनं सरळ पळतंय, माती धुतली जात नाही. खारट येता येता हळूहळू उतरत गेलं तर काम चाललंय, आणि उतार थांबला की त्याच जागचे ३० आणि ६० सेमीचे नमुने पुन्हा लॅबला द्या.