शिष्यवृत्तीसाठी बोनाफाईड मागताना या चुका टाळा

एनएमएमएस परीक्षेत निवड झालेल्या मुलांना नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात, मात्र त्यासाठी scholarships.gov.in वर अर्ज भरावा लागतो. ऐरोली, घणसोली किंवा कळव्यातल्या अनुदानित शाळांच्या कार्यालयात याच सुमारास बोनाफाईडसाठी गर्दी होते. अशा वेळी अर्धवट अर्ज हमखास बाजूला पडतो.

पहिली चूक विषयातच होते. नुसतं ‘बोनाफाईड मिळणेबाबत’ लिहिलं, तर लिपिक नेहमीचा छापील नमुना भरून देतात. त्यात शिष्यवृत्तीचा उल्लेख नसतो, कधी शैक्षणिक वर्षही नसतं. दुसरी चूक म्हणजे जनरल रजिस्टर नंबर न देणं. एकाच आडनावाची दहा मुलं असतील तर लिपिकांना जुनी रजिस्टरं चाळावी लागतात. हा नंबर बहुतेक वेळा प्रगतिपुस्तकावर सापडतो.

सगळ्यात जास्त त्रास नावाचा होतो. समजा, शाळेच्या रजिस्टरला Sakshi आहे आणि आधारवर Sakshee. मग पोर्टलवरचं नाव आणि बोनाफाईड जुळत नाही, आणि अर्ज पडताळणीत परत येऊ शकतो. ‘आधारप्रमाणे लिहून द्या’ असा आग्रह शाळेकडे धरू नका. बोनाफाईड रजिस्टरप्रमाणेच निघतं, आणि त्यातलं नाव बदलायला शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी लागते. रजिस्टरमधलं स्पेलिंग बरोबर असेल तर आधार दुरुस्त करून घेणं सोपं. म्हणून अर्ज लिहिण्याआधी दोन्ही कागद शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहा. आडनाव आधी की नंतर, वडिलांचं नाव पूर्ण की नुसतं आद्याक्षर, हेही बघा.

मजकूर एवढा पुरे:

प्रति,
मा. मुख्याध्यापक,
(शाळेचे नाव व पत्ता)

विषय : एनएमएमएस शिष्यवृत्तीसाठी बोनाफाईड प्रमाणपत्र मिळणेबाबत.

महोदय / महोदया,
माझी मुलगी (पूर्ण नाव) आपल्या शाळेत इयत्ता ९वी, तुकडी ब मध्ये शिकत असून तिचा जनरल रजिस्टर नंबर … आहे. वरील शिष्यवृत्तीच्या ऑनलाइन अर्जासाठी सन २०२५-२६ चे बोनाफाईड प्रमाणपत्र द्यावे, ही विनंती. इंग्रजीतील नाव रजिस्टरप्रमाणे असे आहे : … सोबत आधारची छायाप्रत जोडली आहे.
आपला / आपली विश्वासू,
(पालकाचे नाव, सही, मोबाइल, दिनांक)

अर्जाच्या दोन प्रती न्या आणि एकीवर पोच घ्या. प्रमाणपत्र हाती आलं की खिडकीवरून हलण्याआधी जावक क्रमांक, तारीख, शिक्का, मुख्याध्यापकांची सही, वर्ष आणि जन्मतारीख तपासा. काही चुकलं असेल तर तिथेच नवीन मागा. पेनाने खाडाखोड करून घेतलेला कागद स्कॅनमध्ये संशयास्पद दिसतो.