मंडळाच्या मिनिट्समध्ये स्पॉन्सरचे पैसे कसे लिहायचे

अमेरिकेतल्या मंडळांत हमखास होतं, मीटिंगमध्ये कोणीतरी सांगतं अमुक रिअल्टर हजार डॉलर देतोय, सेक्रेटरी मिनिट्समध्ये "स्पॉन्सर: १०००" लिहितो आणि पुढच्या मीटिंगला सगळे ते पैसे आलेच असं धरून खर्च मंजूर करतात.

उपाय सोपा आहे, एका आकड्याऐवजी तीन लिहा: तोंडी कबूल, ईमेलवर कन्फर्म, बँकेत जमा. मेंबरशिपचंही तसंच, अपेक्षित वेगळं आणि जमा वेगळं.

मग ठराव फक्त "जमा" बघून करा. समजा गणपतीचं बजेट हॉल १८००, साउंड ६००, जेवण २४०० म्हणजे ४८०० डॉलर. स्पॉन्सर कबूल ३०००, पण जमा १२००, आणि मेंबरशिप जमा २५००. म्हणजे हातात ३७००. मिनिट्समध्ये सरळ लिहायचं की हॉल आणि साउंड मंजूर, केटररला ॲडव्हान्स जास्तीत जास्त १३००, बाकी पैसे आल्यावर. ठराव कोणी मांडला, अनुमोदन कोणाचं, तेही तिथेच.

स्पॉन्सरच्या ओळीत बदल्यात काय द्यायचं ठरलंय (स्टॉल, बॅनर, स्टेजवरून दोन मिनिटं) आणि पाठपुरावा कोण करणार तेही टाका, नाहीतर ऐन आरतीच्या वेळी स्टॉलच्या जागेवरून वाद ठरलेला!

फक्त एक, वर्गणी थकवलेल्यांची नावं मिनिट्समध्ये नकोत, मिनिट्स सगळ्यांना फॉरवर्ड होतात. तिथे नुसता आकडा द्या, यादी खजिनदाराकडे राहू दे.