पुरवठादाराच्या खातेउताऱ्याशी ताळमेळ घालण्यापूर्वीची तयारी

३१ मार्चचा ताळमेळ घालायला बसण्यापूर्वी पुरवठादाराकडून केवळ शेवटची शिल्लक मागवू नये. मागच्या वेळी दोन्ही बाजूंनी मान्य केलेल्या शिलकेच्या तारखेपासूनचा संपूर्ण खातेउतारा आणि त्यासोबत न फिटलेल्या बिलांची यादी मागवावी. आरंभीची शिल्लकच जुळत नसेल, तर पुढच्या नोंदी तपासण्यात वेळ घालवण्यात अर्थ नाही. आपल्या बाजूने देणी खातेवहीतील त्या पुरवठादाराचे खाते, आवक नोंदी, परत पाठवलेल्या मालाची चलने आणि बँकेतून गेलेल्या रकमांचा तपशील काढून ठेवावा. ‘पुरवठादारांना दिलेली उचल’ असे वेगळे खाते असल्यास त्याचा उताराही काढावा. हा कागद बहुतेकदा विसरला जातो.

समजा, चाकणच्या एका कारखान्याला कोल्हापूरची एक फाउंड्री कास्टिंग पुरवते. फाउंड्रीच्या उताऱ्यात येणे ४,१२,६०० रुपये दिसते आणि कारखान्याच्या वहीत देणे ४,१५,५०० रुपये. फरक अवघा २,९०० रुपयांचा असल्याने तो दरफरकात टाकून मोकळे होण्याचा मोह होतो. प्रत्यक्षात या फरकामागे एकमेकींना झाकणाऱ्या चार नोंदी आहेत. म्हणून निव्वळ फरकाच्या आकारावरून काहीही ठरवू नये आणि प्रत्येक नोंद समोरच्या नोंदीशी एकास एक लावूनच पुढे जावे.

पहिली नोंद ३१ मार्चच्या संध्याकाळी निघालेल्या मालाच्या ८८,५०० रुपयांच्या बिलाची आहे. माल १ एप्रिलला पोहोचल्यामुळे ती फक्त फाउंड्रीच्या वहीत दिसते. खरेदीच्या अटींनुसार माल फाउंड्रीच्या दारातच आपला होत असेल, तर तो मार्गस्थ माल म्हणून मार्चमध्येच नोंदवावा लागेल. मात्र त्यावरील जीएसटीचे इनपुट क्रेडिट माल हाती आल्यानंतरच घेता येते.

दुसरी नोंद परत पाठवलेल्या सदोष मालाची. कारखान्याने २०,००० रुपये आणि १८ टक्के कर मिळून २३,६०० रुपयांची डेबिट नोट टाकली, पण फाउंड्रीने क्रेडिट नोट काढलेलीच नाही. आपली डेबिट नोट हा आपल्या वहीपुरता दावा असतो. पुरवठादाराला कर कमी करायचा असेल, तर त्याचीच क्रेडिट नोट लागते. त्यामुळे परतीच्या चलनावर फाउंड्रीची पोच आहे ना, हे आधी पाहावे. पोच नसेल, तर ही रक्कम वादग्रस्त म्हणून वेगळी दाखवावी.

तिसरी नोंद याच्या उलट आहे. वार्षिक खरेदीवरील सवलतीची १५,००० रुपयांची क्रेडिट नोट फाउंड्रीच्या उताऱ्यात आहे, कारखान्याच्या वहीत नाही. ती करासह आहे की केवळ रकमेची, हे मूळ कागदावरूनच ठरवावे. येथे ती केवळ रकमेची असल्याने जीएसटीआर-२बीमध्ये शोधूनही सापडणार नाही आणि तिच्यापोटी इनपुट क्रेडिट उलटवण्याची गरज नाही.

सर्वाधिक काळजी चौथ्या नोंदीची घ्यावी. नव्या ऑर्डरपोटी दिलेली १,००,००० रुपयांची उचल फाउंड्रीने त्याच खात्यात जमा धरली, तर कारखान्याने ती वेगळ्या खात्यात नावे टाकली. टॅलीत ती पुरवठादाराच्याच खात्यात `Advance` म्हणून नोंदवली असती आणि बिल आल्यावर `Agst Ref` ने त्याला लावली असती, तर शिल्लक बरोबर दिसली असती. `On Account` टाकलेली रक्कम एकूण शिलकेत वजा होते, पण कोणत्याच बिलासमोर दिसत नाही, आणि बिलांची यादी पाहून रक्कम अदा करणारा माणूस तेच बिल पूर्ण फेडून मोकळा होतो. फाउंड्रीने ही उचल परस्पर जुन्या बिलांना लावली आहे का, तेही पाहावे. १८७२ च्या भारतीय करार कायद्यानुसार, रक्कम कोणत्या देण्यापोटी आहे हे देणाऱ्याने सांगितले असेल, तर स्वीकारणाऱ्याने ती तिथेच लावायची असते. काही सांगितले नसेल आणि परिस्थितीवरूनही ते दिसत नसेल, तर निवड त्याची. म्हणून रक्कम पाठवतानाचे पत्र किंवा ईमेल हाताशी असावे.

आता दोन्ही बाजू स्वतंत्रपणे दुरुस्त कराव्यात. फाउंड्रीच्या ४,१२,६०० मधून २३,६०० वजा केल्यास ३,८९,००० उरतात. कारखान्याच्या ४,१५,५०० मध्ये ८८,५०० मिळवून १५,००० आणि १,००,००० वजा केल्यासही ३,८९,००० च येतात. या आकड्यावर फाउंड्रीची लेखी संमती घ्यावी आणि तिच्याकडून यायच्या क्रेडिट नोटेची तारीख त्याच पत्रात लिहून घ्यावी. तोपर्यंत परत केलेला माल ज्या बिलातला होता, त्या बिलापोटीचे २३,६०० रुपये अदा करू नयेत.