‘अमुक खाल्ल्याने कर्करोग टळतो’ अशी बातमी आली की

अशी बातमी किंवा रील दिसली की आधी एकच शोधा: कुणी काय खायचं, हे ठरवलं कोणी?

लोकांनी स्वतःच ठरवलं असेल, तर तो निरीक्षणात्मक अभ्यास. गाजर-पालेभाज्या भरपूर खाणारे इतरही पथ्यं पाळत असतात, त्यामुळे फायदा नेमका कशाचा ते कळत नाही. संशोधकांनी चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून एकाला खरी, दुसऱ्याला तशीच दिसणारी औषधाविना गोळी दिली असेल, तर ती नियंत्रित चाचणी. फिनलंडमध्ये सुमारे २९,००० धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर अशी चाचणी झाली. गाजरातल्या बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग उलट १८ टक्के जास्त निघाला (१९९४).

रीलवाला गोळ्याही विकत असेल, तर चाचणी कुणावर झाली ते विचारा. डॉक्टरांनी दिलेलं औषध मात्र रील पाहून थांबवू नका.