वर्णनाचा तपशील-तक्ता करताना या चुका टाळा

रत्नागिरी-सिंधुदुर्गातले कोकम, काजू आणि आंबापोळी विकणारे अनेक लहान उत्पादक ऑनलाइन बाजारात माल लावू लागले, तेव्हापासून त्यांच्या वर्णनांचे तपशील-तक्ते करण्याचे काम माझ्याकडे येत आहे आणि नवख्यांनी केलेले तक्ते तपासण्याचेही. काम वरवर सोपे दिसते: विक्रेत्याने लिहिलेला परिच्छेद घ्यायचा, त्यातून गुणधर्म आणि मूल्य अशा ओळी काढायच्या आणि शीटमध्ये भरायच्या. तरीही त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा समोर येतात, कारण बहुतेक जण वर्णन नीट वाचण्याआधीच रकाने भरायला बसतात. पुढील सर्व विवेचन एकाच वर्णनाच्या आधाराने केले आहे.

> रत्नागिरीतील आमच्या स्वतःच्या बागेतल्या रातांब्यांपासून पारंपरिक पद्धतीने बनवलेले अमृत कोकम. कोणताही कृत्रिम रंग नाही. ७५० मि.लि.च्या दोन बाटल्यांचा संच. एक भाग कोकमात चार भाग थंड पाणी घाला. एका बाटलीत साधारण २५ ग्लास सरबत होते. तयार झाल्यापासून १२ महिने टिकते, बाटली उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवावी.

वर्णनात नसलेले मूल्य भरणे

माझ्या मते ही सर्वांत घातक चूक आहे. शीटमध्ये ‘संरक्षक’ नावाचा रिकामा रकाना दिसतो, वर्णनात ‘पारंपरिक पद्धतीने’ आणि ‘कृत्रिम रंग नाही’ असे शब्द दिसतात, आणि भरणारा तिथे ‘नाही’ लिहून पुढे जातो. वास्तविक विक्रेत्याने फक्त रंगाविषयी विधान केले आहे. संरक्षकाविषयी त्याने एक अक्षरही लिहिलेले नाही. ‘पारंपरिक’ हा शब्द बनवण्याची पद्धत सांगतो, घटकांची यादी सांगत नाही.

सावंतवाडीच्या बाजूच्या एका उत्पादकाच्या सरबताबाबत नेमके हेच घडले होते. त्याचा तक्ता एका उत्साही मुलाने एका संध्याकाळी उरकला आणि ‘संरक्षक: नाही’ अशी ओळ त्यात गेली. बाटलीच्या मागच्या लेबलवर मात्र वर्ग २ संरक्षक म्हणून आयएनएस २११, म्हणजे सोडियम बेंझोएट, स्वच्छ छापलेले होते. फळांच्या सरबतांत ते ठरलेल्या मर्यादेत वापरायला परवानगी आहे आणि उत्पादकाने काहीही लपवले नव्हते. पण एका ग्राहकाने लेबलचा आणि तक्त्याचा फोटो शेजारी शेजारी ठेवून तक्रार केली, लिस्टिंग थांबवले गेले आणि ऐन मे महिन्यात, म्हणजे सरबताच्या मुख्य हंगामात, त्या माणसाचा माल घरात पडून राहिला. ज्या विक्रेत्याने खरे लेबल छापले होते, तोच ग्राहकांच्या नजरेत खोटारडा ठरला, याचे मला आजही वाईट वाटते.

यावर माझी एकच सवय आहे आणि ती मी सोडत नाही. तक्ता करताना मी दोन नव्हे, तीन रकाने ठेवतो: गुणधर्म, मूल्य आणि आधार. आधाराच्या रकान्यात वर्णनातले शब्द जसेच्या तसे उतरवतो. ज्या ओळीला आधार सापडत नाही, ती ओळ तक्त्यात राहत नाही. ती विक्रेत्याला विचारायच्या प्रश्नांच्या कागदावर जाते. शीट चढवण्यापूर्वी तिसरा रकाना काढून टाकतो. घाईत असलेल्यांना हे दुप्पट काम वाटते आणि ते दोन दिवसांत ही सवय सोडतात. तिसऱ्या दिवशी त्यांच्या तक्त्यात ‘शंभर टक्के सेंद्रिय’ उगवलेले असते.

वरच्या वर्णनाचा माझा तक्ता असा होतो:

| गुणधर्म | मूल्य | आधार |
|---|---|---|
| उत्पादनाचा प्रकार | अमृत कोकम (गोड, पाणी घालून घेण्याचे) | ‘अमृत कोकम’, ‘चार भाग थंड पाणी घाला’ |
| फळ | रातांबा (कोकम) | ‘रातांब्यांपासून’ |
| फळाचे ठिकाण | रत्नागिरी | ‘रत्नागिरीतील… बागेतल्या’ |
| कृत्रिम रंग | नाही | ‘कोणताही कृत्रिम रंग नाही’ |
| एका बाटलीतील परिमाण | ७५० मि.लि. | ‘७५० मि.लि.च्या’ |
| बाटल्यांची संख्या | २ | ‘दोन बाटल्यांचा संच’ |
| एकूण परिमाण | १५०० मि.लि. | वरील दोन ओळींचा गुणाकार |
| पाण्याचे प्रमाण | १ भागास ४ भाग | ‘एक भाग… चार भाग’ |
| एका बाटलीतील सरबत | सुमारे २५ ग्लास | ‘साधारण २५ ग्लास’ |
| टिकण्याचा काळ | तयार झाल्यापासून १२ महिने | जसेच्या तसे |
| उघडल्यानंतरची साठवण | फ्रिजमध्ये | ‘उघडल्यावर फ्रिजमध्ये’ |

या तक्त्यात घटक, संरक्षक, शाकाहारी चिन्ह आणि एफएसएसएआयचा चौदा अंकी परवाना क्रमांक नाहीत, कारण ते वर्णनात नाहीत. ते लेबलच्या फोटोवरून घ्यायचे आणि आधाराच्या रकान्यात ‘लेबल’ असे लिहायचे. फोटो अस्पष्ट असेल, तर दुसरा मागवायचा. पुसट दिसणारा अंक अंदाजाने भरायचा नाही.

पहिल्या ओळीविषयी थोडे अधिक सांगणे आवश्यक आहे. कोकणाबाहेरचा माणूस अमृत कोकम आणि आगळ या दोन्हींच्या तक्त्यात प्रकार म्हणून ‘कोकम रस’ असे लिहितो. आगळ म्हणजे मीठ घालून काढलेला रातांब्याचा आंबट रस. त्याची सोलकढी होते. अमृत कोकम साखरेत मुरवलेले असते. दोन्ही एकाच नावाखाली गेली, की सोलकढीसाठी मागवणाऱ्याच्या हाती गोड पाक पडतो आणि बाटली परत येते.

ठिकाणाच्या ओळीतही अंदाज शिरतो. ‘रत्नागिरी’ हा शब्द दिसला की काही जण ‘भौगोलिक मानांकन: होय’ अशी आणखी एक ओळ टाकतात. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला मानांकन आहे, हे खरे. पण ते नाव मानांकन म्हणून वापरण्यासाठी उत्पादकाची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. बाग रत्नागिरीत असणे आणि ही नोंदणी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि वर्णन फक्त पहिली सांगते.

परिमाण, संख्या आणि वजन यांची सरमिसळ

दुसरी चूक आकड्यांची आहे आणि ती हटकून संचांच्या बाबतीत होते. शीटमध्ये ‘निव्वळ परिमाण’ आणि ‘नगांची संख्या’ असे दोन रकाने असतात. वरच्या वर्णनासाठी एक जण ७५० आणि २ भरतो, दुसरा १५०० आणि १ भरतो, आणि दोघांचेही एकूण बरोबर येते. तिसरा मात्र १५०० आणि २ भरतो. त्याच्या तक्त्यानुसार ग्राहकाला तीन लिटर मिळायला हवे. शिवाय परिमाणावरून दर शंभर मि.लि.ची किंमत काढून दाखवली जात असेल, तर ती प्रत्यक्षाच्या निम्मी दिसते, माल स्वस्त वाटून विकला जातो आणि मग ‘अर्धाच माल आला’ अशा तक्रारी येऊ लागतात.

मालवणकडच्या एका बाईंनी मला याच कारणासाठी फोन केला होता. आपल्या बाटल्या वाटेत फुटतात किंवा चोरीला जातात, अशी त्यांची समजूत झाली होती आणि त्या कुरिअरवाल्याशी भांडत होत्या. बाटल्या दोनच होत्या, दोन्ही पोहोचत होत्या. तक्त्याने चारांचे वचन दिले होते. म्हणून मी माझ्या तक्त्यात एका नगाचे परिमाण, नगांची संख्या आणि एकूण परिमाण अशा तीन ओळी नेहमी ठेवतो आणि गुणाकार जुळल्याशिवाय पुढे जात नाही. त्यानंतर त्या मार्केटप्लेसच्या शीटमधील रकाना एका नगासाठी आहे की संपूर्ण संचासाठी, हे त्याच्या सूचनेत वाचून योग्य आकडा उचलतो. सूचना वाचण्याचा कंटाळा करणाऱ्याने हे काम घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

ग्लासांच्या ओळीचीही अशीच पडताळणी होते. ७५० मि.लि. कोकमात चौपट पाणी घातले, की ३७५० मि.लि. सरबत होते, २५ ग्लासांत वाटले, तर प्रत्येकी १५० मि.लि. हा ग्लास लहान असला, तरी अशक्य नाही, म्हणून विधान टिकते. पण ‘ग्लासचा आकार: १५० मि.लि.’ अशी ओळ मी करत नाही, कारण तो विक्रेत्याने दिलेला आकडा नाही. विक्रेत्याने ५० ग्लास लिहिले असते, तर प्रत्येकी ७५ मि.लि. आले असते आणि मी ओळ भरण्याऐवजी फोन उचलला असता.

याच प्रकारातली आणखी एक चूक म्हणजे मि.लि.च्या जागी ग्रॅम लिहिणे. पाण्याच्या बाबतीत दोन्ही जवळपास सारखेच असतात; पाकाच्या बाबतीत नसतात. सुमारे ६५ टक्के साखर असलेला पाक पाण्याच्या साधारण १.३ पट जड असतो, म्हणजे ७५० मि.लि.चे वजन पाऊण किलो नव्हे, तर एक किलोच्या जवळ जाते. त्यात काचेची बाटली आणि खोका धरला, की पाठवणीचे वजन आणखी वाढते. पाठवणीचे वजन वर्णनावरून काढायचेच नाही. ते बांधलेला खोका काट्यावर ठेवून घ्यायचे.

थोडक्यात उरकता येतील अशा चुका

‘टिकण्याचा काळ: १२ महिने’ असे लिहून ‘तयार झाल्यापासून’ हे शब्द गाळू नयेत, नाहीतर ग्राहक पार्सल हाती पडल्यापासून महिने मोजतो.

‘अस्सल’, ‘घरगुती चवीचे’, ‘सर्वोत्तम’ यांच्या ओळी करू नयेत. त्यांना मोजता येईल असे मूल्य नसते.

‘साखर घातलेली नाही’ असे लिहिलेल्या आंबापोळीच्या तक्त्यात ‘साखर: ० ग्रॅम’ भरू नये, कारण आंब्याची स्वतःची साखर तिच्यात असतेच आणि मधुमेही माणूस तो आकडा वाचून खातो.

काजूच्या ‘डब्ल्यू ३२०’ या प्रतीतील आकडा ग्रॅम समजून वजनात टाकू नये. एका पौंडात सुमारे ३०० ते ३२० अख्खे दाणे बसतात, असा त्याचा अर्थ आहे.

‘लागू नाही’ आणि ‘माहीत नाही’ यांत फरक न करणे

सक्तीचा रकाना रिकामा राहिला की शीट स्वीकारली जात नाही, म्हणून अनेक जण तिथे ‘लागू नाही’ टाकून सुटका करून घेतात. ॲलर्जीकारक घटकांच्या रकान्यात हे कधीही करू नये. आपल्याकडे एकाच शेडमध्ये हंगामानुसार काजूगर सोलण्याचे आणि कोकम भरण्याचे काम चालते. तीच टेबले, तीच भांडी आणि पुष्कळदा तीच माणसे असतात. काजू हा ॲलर्जी आणणारा पदार्थ आहे. वर्णनात काजूचा उल्लेख नसणे स्वाभाविक आहे, कारण विक्रेता कोकमाविषयी लिहीत होता. अशा वेळी मी विक्रेत्याला तीन प्रश्न विचारतो: त्याच जागेत काजू हाताळले जातात का, भांडी वेगळी आहेत का, आणि लेबलवर त्याविषयी काही छापले आहे का. उत्तर येईपर्यंत शीट माझ्याकडेच राहते, मग विक्रेत्याने कितीही घाई केली तरी.